ई-सिम नव्या फोनमध्ये नेताना: आधी काय, नंतर काय

नवा फोन घेतला की जुन्यातलं सिम पिन टोचून बाहेर काढायचं आणि नव्यात सरकवायचं, ही आपल्या हाताची सवय. ई-सिमवाल्या फोनमध्ये काढायला काहीच नसतं. त्यामुळे आमच्या मोबाइलच्या दुकानात येणारे दोनपैकी एक समजूत घेऊन येतात. काहींना वाटतं, ई-सिम म्हणजे एक फाइल आहे, फोटोंबरोबर तीही नव्या फोनमध्ये आपोआप येईल. काहींना वाटतं, जुना फोन रिसेट केला की सिम 'मोकळं' होतं आणि मग नव्यात घालता येतं. दुसरी समजूत जास्त महागात पडते. जुन्या फोनमधलं ई-सिम आधीच पुसून बसलेल्या माणसाला कंपनीच्या स्टोअरची वारी बहुतेक चुकत नाही.

लेखात सगळी वाट सांगतो, पण आधी आत काय असतं ते थोडं पाहू. तेवढं कळलं की पुढच्या पायऱ्यांचा क्रम पाठ करावा लागत नाही.

प्लास्टिकच्या कार्डात काय असतं

१९९१ मध्ये पहिलं सिम आलं ते एटीएम कार्डाएवढं होतं. पुढे ते कापत कापत आजच्या नॅनो सिमपर्यंत आलं, म्हणजे साधारण १२ बाय ९ मिलिमीटर. त्यातलंही बरंचसं प्लास्टिकच. खरं काम करणारी चिप त्या सोनेरी पत्र्याखाली असते. तिच्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात: नेटवर्कला तुमची ओळख सांगणारा एक क्रमांक आणि एक गुप्त किल्ली. त्याच किल्लीची दुसरी प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असते. फोन चालू झाला की कंपनी एक आकडा पाठवते, चिप आपल्या किल्लीने त्याचं उत्तर काढते आणि उत्तर जुळलं तर टॉवर तुम्हाला आत घेतो. किल्ली स्वतः कधीच चिपबाहेर येत नाही.

तुमचा दहा आकडी मोबाइल नंबर या व्यवहारात कुठेच लागत नाही. अमुक नंबर अमुक सिमला जोडलेला आहे, ही नोंद कंपनीच्या दप्तरी असते. म्हणूनच कार्ड हरवलं तरी नंबर जात नाही. कंपनी नवं कार्ड देते आणि दप्तरातली नोंद जुन्या कार्डावरून नव्यावर वळवते.

ई-सिममध्ये काय वेगळं

ई-सिममध्ये चिप फोनच्या बोर्डावर कायमची बसवलेली असते. फोन तयार होतो तेव्हा तिच्यात कोणत्याच कंपनीची किल्ली नसते. ओळख आणि किल्ली यांचा संच, ज्याला प्रोफाइल म्हणतात, तो नंतर इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरतो. प्रत्येक चिपला स्वतःचा ३२ आकडी क्रमांक असतो, स्क्रीनवर तो EID या नावाने दिसतो. कंपनीचा सर्व्हर प्रोफाइल पाठवताना ते त्या एकाच चिपला उघडता येईल असं कुलूपबंद करून पाठवतो. ते वाटेत कुणी पकडलं तरी उपयोग नाही आणि एकदा आत गेलं की पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकताही येत नाही.

ई-सिम 'ट्रान्सफर' करणं म्हणजे जुन्या फोनमधून काही उचलून नव्यात ठेवणं नव्हे. कंपनी त्याच नंबरसाठी नवं सिम देते, ते नव्या फोनच्या चिपमध्ये उतरतं आणि दप्तरातली नोंद तिकडे वळते. जुन्या फोनमधलं प्रोफाइल तिथेच राहतं, फक्त निकामी होतं. आयफोनवर बटण दाबून दोन मिनिटांत हे होतं तेव्हाही पडद्याआड घडतं ते हेच.

आणि तो क्यूआर कोड? त्यात सिम नसतं. तो स्टेशनवरच्या सामानघराची पावती आहे: सामान कुठे ठेवलंय आणि कोणत्या नंबराचं, एवढंच तिच्यावर असतं. कोड उलगडून वाचला तर एवढीच ओळ निघते:

```
LPA:1$smdp.example.com$ABCD-1234-EFGH
```

मधला भाग सर्व्हरचा पत्ता, शेवटचा भाग तुमच्या प्रोफाइलचा सांकेतिक क्रमांक. फोन त्या पत्त्यावर जातो, क्रमांक सांगतो आणि प्रोफाइल उतरवून घेतो. एकदा उतरवलं की आपल्याकडे बहुतेक वेळा तो कोड संपला. त्यामुळे 'जुना क्यूआर मी जपून ठेवलाय, तोच नव्या फोनने स्कॅन करतो' हे सहसा चालत नाही. उलट अर्थानेही हे लक्षात ठेवा: न वापरलेला कोड ज्याच्या हाती पडेल, त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर जाईल.

सुरू करण्याआधी

नव्या फोनवर डायल पॅड उघडून हे टाका:

```
*#06#
```

आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर EID दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. नाही दिसला तर थांबा, प्लास्टिकचं कार्डच घ्यावं लागेल. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्वस्त फोनमध्ये ई-सिम नसतं. परदेशातून आणलेल्या फोनबद्दलही सावध राहा. चीनमध्ये विकण्यासाठी बनवलेल्या बहुतेक आयफोनमध्ये दोन प्लास्टिक कार्डांची सोय असते, ई-सिमची नसते. उलट अमेरिकेतल्या आयफोनमध्ये चौदाव्या मालिकेपासून कार्डाचा खाचाच नाही. तिकडच्या भावाने किंवा मुलीने पाठवलेला फोन एखाद्या कंपनीला बांधलेला असेल, तर इथलं सिम त्यात प्लास्टिकचंही चालणार नाही आणि ई-सिमही.

दुसरं, वाय-फाय हवं. नव्या फोनमध्ये अजून सिम नाही, म्हणजे डेटाही नाही, आणि प्रोफाइल तर इंटरनेटवरूनच उतरणार. घरात वाय-फाय नसेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट घ्या. ज्या जुन्या फोनचा नंबर हलवतोय त्याच्याच हॉटस्पॉटवर विसंबू नका, कारण त्याचं नेटवर्क कोणत्याही क्षणी जाऊ शकतं.

तिसरं, ईमेल. क्यूआर बऱ्याचदा ईमेलवर येतो आणि तो कंपनीकडे नोंदवलेल्या पत्त्यावरच येतो. दहा वर्षांपूर्वी सिम घेताना दुकानदाराने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो, असे प्रकार सर्रास निघतात. कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन पत्ता कोणता आहे ते पाहा, चुकीचा असेल तर आधी तो बदला.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. सिम बदलून बँक खाती रिकामी करण्याचे गुन्हे वाढले, म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना हे बंधन घातलं. फोन लागतात, इंटरनेट चालतं, फक्त एसएमएस बंद. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही, आधारचा ओटीपी नाही. यूपीआय अॅप नव्या फोनमध्ये सुरू करताना तुमच्याच सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, तोही जाणार नाही. म्हणजे एक अख्खा दिवस नव्या फोनवरून पैसे पाठवण्याचं नाव नको. कर्जाचा हप्ता, तत्काळ तिकीट, परीक्षेचा फॉर्म, दवाखान्यात भरती, यांपैकी काही समोर असेल तर सिम त्या दिवशी हलवू नका. खिशात थोडे रोख पैसे ठेवा. एटीएम कार्ड पिनवर चालतं, पण मोठी रक्कम काढताना काही बँका तिथेही ओटीपी मागतात.

शिवाय सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येत नाही. १ जुलै २०२४ पासूनचा हा नियम आहे. कंपनीही बदलायची असेल तर आधी पोर्टिंग उरका आणि नव्या कंपनीचं सिम थेट नव्या फोनसाठी ई-सिमच मागा.

एक नंबर हलवून पाहू

मिरजेच्या एका निवृत्त शिक्षिका, आमच्या ओळखीच्या काकू, जुना सॅमसंग देऊन नवा सॅमसंग घेऊन आल्या. एअरटेलचा नंबर, मुलाने दोन वर्षांपूर्वीच ई-सिम करून दिलेला. बँक, पेन्शन, गॅस, सगळं याच नंबरावर. मी पहिला प्रश्न विचारला, "काकू, उद्या दुपारपर्यंत कुणाला पैसे पाठवायचेत?" त्या म्हणाल्या, "आज भिशीचे पाठवायचेत." मग आधी जुन्या फोनवरून भिशी भरली आणि त्यानंतर कामाला लागलो. असलं किरकोळ वाटणारं काम आधी उरकलं नाही की दिवसभर शेजाऱ्यांकडे उसने मागत फिरावं लागतं.

मग नवा फोन दुकानाच्या वाय-फायला जोडला, त्यात त्यांचं गूगल खातं सुरू केलं. नव्या फोनवर खातं उघडताना गूगल बऱ्याचदा जुन्या फोनवर 'तुम्हीच आहात का' असं विचारतं किंवा एसएमएस पाठवतं. हे सिम हलवण्याआधीच उरकलेलं बरं. व्हॉट्सअॅपही याच वेळी नेलं. ते राहिलंच तरी अडत नाही, कारण व्हॉट्सअॅपचा सहा आकडी कोड एसएमएसऐवजी फोन कॉलवरही मागता येतो आणि कॉल तर चालूच असतात.

आता मुख्य काम. जुन्या फोनवरून, म्हणजे ज्या नंबराचं सिम बदलायचं त्याच नंबरावरून, १२१ वर एसएमएस:

```
eSIM kaku@example.com
```

पत्त्याच्या जागी अर्थात त्यांचा नोंदवलेला ईमेल. लगेच १२१ वरून खात्री करणारा एसएमएस आला. त्याला एका मिनिटाच्या आत 1 असं उत्तर द्यावं लागतं. चष्मा शोधण्यात ते मिनिट जातं, म्हणून एसएमएसचं पान उघडंच ठेवायचं. मिनिट उलटलं तर विनंती पुन्हा करायची, त्यात बिघडत काही नाही. त्यानंतर संमती घेणारा कॉल येतो. काकूंना सांगून ठेवलं होतं की कॉल येईल, तो कापू नका. अनोळखी नंबर कापायची सवय एरवी चांगली, इथे मात्र सगळी प्रक्रिया तिथेच अडते.

संमती दिल्यावर ईमेलवर क्यूआर आला. तो उघडायचा कशावर, हा व्यवहारातला खरा प्रश्न. नव्या फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करायचा, म्हणजे तो दुसऱ्या पडद्यावर दिसायला हवा. आम्ही काकूंच्या जुन्या फोनवरच ईमेल उघडला, तो वाय-फायवर होता. दुसरा पडदा नसेल तर कागदावर छापून घ्या. तेही नसेल तर ईमेलमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि कोड दिलेला असल्यास तो हाताने टाकता येतो. आयफोनवर नव्या आवृत्त्यांत क्यूआरच्या चित्रावर बोट दाबून धरलं तरी ई-सिम जोडायचा पर्याय येतो. क्यूआरचा स्क्रीनशॉट मात्र घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

नव्या सॅमसंगवर Settings मध्ये Connections, त्यात SIM manager, मग Add eSIM आणि तिथून क्यूआर स्कॅन करण्याचा पर्याय. कॅमेऱ्याने कोड पकडला, कंपनीचं नाव दिसलं, काकूंनी स्वतः जोडायचं बटण दाबलं. एवढ्यावर प्रोफाइल उतरतं. पण प्रोफाइल उतरलं म्हणजे नंबर आला असं नाही! दप्तरातली नोंद वळायला काही मिनिटं लागतात, कधी दोन तासही. काकूंच्या बाबतीत आधी जुन्या फोनच्या दांड्या गेल्या, दोन्ही फोन मुके झाले आणि साधारण चहा पिऊन होईपर्यंत नव्यावर नेटवर्क आलं. या मधल्या काळात घाबरून काहीही पुसायचं नाही. जुनं नाही, नवं नाही आणि प्रत्येक बटण दाबून बघायचं, यात माणसं बसलेली घडी मोडतात.

नेटवर्क आल्यावर तीन गोष्टी तपासल्या. दुकानाच्या फोनवरून काकूंच्या नंबराला कॉल लावला, त्यांच्या फोनवरून बाहेर कॉल लावला आणि वाय-फाय बंद करून एक पान उघडून पाहिलं. एसएमएस तपासला नाही, तो दुसऱ्या दिवशी. काकू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या, तेव्हा यूपीआय अॅप उघडलं, सिम निवडलं, एसएमएस गेला, बँक जोडली गेली. ड्युअल सिम फोनमध्ये इथे बँकेत नोंदवलेलंच सिम निवडावं लागतं. चुकीचं निवडलं की 'खातं सापडलं नाही' असं येतं आणि दोष ई-सिमला मिळतो.

जिओ आणि व्हीआय

व्हीआयची पद्धत एअरटेलसारखीच आहे. एसएमएस १९९ वर पाठवायचा आणि खात्रीच्या उत्तरात ESIMY लिहायचं.

जिओची वाट थोडी वेगळी, कारण तिथे नव्या फोनचा EID सुरुवातीलाच द्यावा लागतो:

```
GETESIM <नव्या फोनचा 32 आकडी EID> <15 आकडी IMEI>
```

हा एसएमएस जिओच्या चालू सिमवरून १९९ वर जातो. उत्तरात नव्या सिमचा १९ आकडी क्रमांक येतो. मग तोच क्रमांक घालून दुसरा एसएमएस, पुन्हा १९९ वर:

```
SIMCHG <19 आकडी क्रमांक>
```

साधारण दोन तासांनी पुढची सूचना येते, त्यानंतर १८३ वर 1 पाठवून खात्री द्यायची आणि येणाऱ्या कॉलवर तो १९ आकडी क्रमांक सांगायचा. इथली नेहमीची गफलत म्हणजे *#06# जुन्या फोनवर दाबून त्याचाच EID पाठवणं. मग नवं सिम जुन्या फोनच्या चिपसाठी तयार होतं आणि नव्या फोनला ते उघडता येत नाही. दोन आयएमईआय दिसत असतील तर EID च्या बरोबरचा, म्हणजे ई-सिमचा, आयएमईआय घ्या. ३२ आकडे हाताने टाइप करू नका. नव्या फोनच्या सेटिंगमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर EID कॉपी करता येतो, तो स्वतःलाच पाठवा आणि चिकटवा.

कंपन्या हे क्रमांक आणि शब्द अधूनमधून बदलतात. एसएमएस करण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या अॅपमध्ये ई-सिमचं पान उघडून एकदा पडताळा. युट्यूबच्या जुन्या व्हिडिओवर भिस्त नको.

आयफोनवरून आयफोनवर

दोन्ही आयफोन असतील आणि दोन्हींवर आयओएस १६ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर आधी हा सोपा मार्ग करून पाहा. दोन्ही फोन जवळ ठेवा, कुलूप उघडं, ब्लूटूथ चालू. नव्या फोनवर Settings, त्यात Mobile Service, मग Add eSIM आणि Transfer From Nearby iPhone. जुन्या आवृत्तीत या पानाचं नाव Mobile Data असतं. जुन्या फोनवर परवानगी विचारली जाते, कधी नव्यावर दिसणारा कोड तिथे टाकावा लागतो. हा पर्याय तुमच्या कंपनीने आणि तुमच्या नंबराच्या प्रकाराने परवानगी दिली तरच पूर्ण होतो. अडला तर फोन बिघडलेला नाही, सरळ एसएमएसच्या मार्गाने जा. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जाताना तर एसएमएस आणि क्यूआरचाच रस्ता धरावा, त्यात नवल कमी.

अडलं तर कुठे अडलं

कोड अवैध आहे किंवा आधीच वापरला आहे असं येत असेल, तर पावती संपली. तोच कोड दहा वेळा स्कॅन करून उपयोग नाही, नवी विनंती करा. स्कॅन होतं पण उतरत नाही, तर बहुधा वाय-फायचा दोष असतो. ऑफिस किंवा कॉलेजच्या वाय-फायवर असे सर्व्हर कधी अडवलेले असतात, हॉटस्पॉटवर करून पाहा.

प्रोफाइल उतरलंय आणि दोन तास उलटूनही जुन्या फोनवरच नेटवर्क आहे, तर नोंद वळलेली नाही. संमतीचा कॉल चुकला असण्याची शक्यता जास्त. जुना नंबर चालू आहे तोवर तुमच्या हातात सगळं आहे, तिथूनच कंपनीला फोन लावा. जुनं गेलं आणि नवं येत नाही, तर SIM manager मध्ये नवं सिम चालू आहे का पाहा, फोन बंद करून चालू करा. कॉल लागतात पण डेटा नाही, तर मोबाइल डेटासाठी दुसरंच सिम निवडलेलं असतं किंवा एपीएन, म्हणजे इंटरनेटला जोडणारा सेटिंगमधला पत्ता, रिकामा असतो. एअरटेलचा एपीएन airtelgprs.com आणि जिओचा jionet.

जुना फोनच मेला असेल तर

ई-सिमची खरी दुखरी नस इथे आहे. प्लास्टिकचं कार्ड फुटक्या फोनमधून काढून कुणाच्याही जुन्या साध्या फोनमध्ये घालता येतं आणि पाच मिनिटांत नंबर जिवंत होतो. ई-सिम फोनबरोबर पाण्यात गेलं की एसएमएस पाठवायला नंबर नाही, खात्रीचा कॉल घ्यायलाही नंबर नाही. मग ज्याच्या नावावर नंबर आहे त्या माणसाने स्वतः मूळ ओळखपत्र घेऊन कंपनीच्या स्टोअरमध्ये जायचं. नंबर वडिलांच्या नावावर असेल आणि वडील गावी असतील, तर आधी तो गुंता. फोन दुरुस्तीला टाकतानाही तेच: बोर्ड बदलला की चिप बदलली, म्हणजे त्यातलं ई-सिम गेलं.

माझं मत असं, की घरात दोन नंबर असतील तर बँकेचा नंबर ई-सिमवर आणि दुसरा प्लास्टिकवर ही वाटणी शहरात ठीक आहे. फोन चोरीला गेला तर चोर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेऊ शकत नाही, हा ई-सिमचा मोठा फायदा. पण कंपनीचं स्टोअर तालुक्याला, फोन वारंवार दुरुस्तीला, कधी साध्या फोनवर कार्ड टाकायची गरज, अशा माणसाने बँकेचा नंबर प्लास्टिकवरच ठेवावा आणि कार्डाला सिम पिन, म्हणजे सिमचा स्वतःचा गुप्त आकडा, लावावा. ई-सिमवरून परत प्लास्टिकवर येता येतं, स्टोअरमध्ये जाऊन. मात्र तेही सिम बदलणंच, म्हणजे पुन्हा २४ तास एसएमएस बंद.

हाच रस्ता चोरही वापरतो

वर जी प्रक्रिया सांगितली ती तुमच्या नंबरावरून गेलेल्या एका एसएमएसने सुरू होते. ठग नेमका तोच एसएमएस तुमच्या हातून पाठवून घेतो. 'कस्टमर केअरमधून बोलतोय, तुमचं सिम बंद होणार आहे, आम्ही पाठवतो तो मेसेज १२१ वर फॉरवर्ड करा.' किंवा आधी अॅपमध्ये 'ईमेल अपडेट' करायला लावतो आणि पत्ता त्याचा असतो. त्या मेसेजमध्ये eSIM, GETESIM किंवा SIMCHG असा शब्द दिसला, की समोरचा तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतोय. कंपनी स्वतःहून फोन करून असा मेसेज पाठवायला सांगत नाही. तसंच, न मागता ई-सिमची विनंती मिळाल्याचा एसएमएस आला तर त्याला उत्तर देऊ नका.

घरात बाकीच्यांच्या फोनला नेटवर्क आहे आणि फक्त तुमचं अचानक गेलं, परत येत नाही, तर टॉवरची वाट पाहत बसू नका. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला सांगून नंबर बंद करा, मग बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. २४ तासांचा एसएमएसचा अडसर इथे तुमच्या बाजूने असतो, पण तेवढ्याच अवधीत जागं व्हावं लागतं.

जुना फोन देण्याआधी

नव्या फोनवर कॉल, डेटा आणि २४ तासांनंतर एसएमएस व यूपीआय चालू झाले, की मगच जुन्याला हात लावा. सॅमसंगवर SIM manager मध्ये जुन्या ई-सिमवर जाऊन ते काढून टाका, आयफोनवर Mobile Service मध्ये त्या सिमवर टेकवून Delete eSIM. त्यानंतर फॅक्टरी रिसेट. रिसेट करताना फोन विचारतो, ई-सिम ठेवायचं की पुसायचं. फोन विकत किंवा एक्स्चेंजला देत असाल तर पुसायचं. फोन तुमच्याकडेच राहणार आहे, नुसता हळू चालतो म्हणून रिसेट करताय आणि त्यात चालू नंबर आहे, तर 'ठेवायचं' निवडा. एक्स्चेंजचा पोऱ्या दारात उभा असतो, घाई करतो, आणि याच खिडकीवर न वाचता ठोका पडतो. त्याला दोन दिवसांनंतरची वेळ द्या. अॅपमध्ये फोन नेण्याची तारीख पुढे ढकलता येत असेल तर ती ऑर्डर करतानाच ढकलून ठेवा.